भाषांतर पास की नापास?

भाषांतराचे काम हाती आले की ते स्वीकारायचे की परत पाठवायचे, हा प्रश्न पूर्वी बहुधा तपासणाऱ्याच्या कानावर सोडला जाई. एकाला भाषा ओघवती वाटे, दुसऱ्याला तीच बोजड. हा वाद टाळण्यासाठी 1990च्या दशकात ‘लिसा’ या संघटनेने चुका मोजण्याची एक पद्धत आखली. मोटार उद्योगाने सर्व्हिसच्या मजकुरासाठी ‘जे2450’ हे मानक काढले. त्यात शैलीला गुणच नाहीत. ब्रेकची माहिती वाचणाऱ्या मेकॅनिकला लालित्याशी काय करायचे? आज सर्वाधिक वापरात असलेली चौकट ‘एमक्यूएम’ या नावाने ओळखली जाते.

या चौकटीत प्रत्येक चुकीबद्दल दोन प्रश्न विचारले जातात. चूक कोणत्या प्रकारची आहे आणि तिने किती बिघडवले? प्रकार ठरवताना अर्थ, परिभाषा, व्याकरण-शुद्धलेखन, शैली, तारीख-आकड्यांचे स्थानिक संकेत अशी खाती असतात. तीव्रतेनुसार दंडगुण ठरतात. किरकोळ चुकीला 1, मोठीला 5, घातक चुकीला 25 असे भार सध्या सर्रास लावले जातात. लिसाच्या पद्धतीत ते 1, 5 आणि 10 होते. निव्वळ आवडीनिवडीच्या दुरुस्तीला शून्य. ‘परंतु’च्या जागी ‘पण’ हवे होते, एवढ्यासाठी कोणाचे गुण कापायचे नसतात.

चुकीचा प्रकार पाहून तीव्रता ठरवता येत नाही. शुद्धलेखनाची चूक किरकोळच असणार, असे वाटते. पण ‘आचाऱ्यांना’ऐवजी ‘आचार्यांना’ छापले तर स्वयंपाक्यांसाठी असलेली सूचना विद्वानांकडे जाते. ‘किंमत’वरचा अनुस्वार राहिला तर कोणाचे काही अडत नाही. दोन्ही चुका एकाच खात्यातल्या, पण दंड वेगळा. त्या ठिकाणी वाचणारा माणूस काय समजेल आणि काय करेल, हे पाहूनच तो लावायचा.

समजा, एका औषधाच्या माहितीपत्रकाचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर झाले आहे. मूळ मजकूर 800 शब्दांचा आहे आणि करारात किमान 98 गुण ठरले आहेत. ग्राहकाच्या शब्दसूचीत ‘मूत्रपिंड’ असताना भाषांतरकाराने सहा ठिकाणी ‘किडनी’ लिहिले. एकच चूक सहा वेळा झाली, म्हणून ती एकदाच धरली, दंड 1. (हेही आधी ठरवलेले असावे लागते, नाहीतर इथेच भांडण जुंपते.) अनुस्वार, विरामचिन्हे, ‘गोळी घेतली जावी’ अशी अवघडलेली वाक्ये मिळून आणखी आठ किरकोळ चुका. ‘फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे वाक्य गळले, ती मोठी चूक, दंड 5. एकूण 14. याला 800ने भागून 1000ने गुणले की दर हजार शब्दांमागे 17.5 दंडगुण येतात. हजारामागे 10 दंडगुण म्हणजे शंभरातला एक गुण कमी, या हिशेबाने काम 98.25वर, म्हणजे जेमतेम पास.

पण आणखी एक चूक आहे. मूळ सूचना ‘एक दिवसाआड एक गोळी’ या अर्थाची होती, भाषांतरात ‘दररोज एक गोळी’ आले. रुग्ण दुप्पट औषध घेईल, म्हणून चूक घातक. दंड 39वर जातो, गुण 95.1वर येतात आणि काम परत जाते.

आता हेच पत्रक 8,000 शब्दांचे आहे आणि चुका तेवढ्याच आहेत असे धरा. हजारामागे दंड पाचाच्याही आत येतो आणि गुण 99.5. ‘दररोज’ तसाच असूनही काम पास! सरासरी ही अशी चूक पोटात घालते. म्हणून जाणकार ग्राहक करारात वेगळी अट घालतात: घातक चूक एक जरी सापडली तरी गुण न पाहता काम नापास. 25चा भार ही अट पुरी करू शकत नाही.

अगदी लहान मजकुरात उलटे होते. शंभर शब्दांत एक मोठी चूक सापडली की गुण थेट 95वर येतात. त्यावरून भाषांतरकार कच्चा ठरवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करताना नेमके करपलेले शीत हाती येणे. त्यामुळे छोट्या कामांत आकड्यावर फार विसंबत नाहीत, किंवा अनेक कामांतले नमुने एकत्र करून मोजतात.

सर्वांत मोठी अडचण माणसांची असते. फ्रिजचे वाक्य गळणे एका तपासनिसाला मोठी चूक वाटते, दुसऱ्याला औषध बिघडण्याच्या भीतीने घातक. दोघांचा निकाल वेगळा येतो आणि दोघेही चौकटीला धरूनच असतात. म्हणून काम सुरू होण्याआधी सर्व तपासनिसांकडून एकच नमुना तपासून घेतात आणि त्यांचे शेरे जुळवतात. अहवाल भाषांतरकाराला दाखवून त्याची हरकतही ऐकली जाते. हरकत टिकली तर दंड काढून हिशेब पुन्हा मांडतात, आणि 97.9चे 98 होऊन निकाल फिरतो तो बहुधा याच टप्प्यावर.