जोडीतला दुसरा शब्द कुठे बसतो?

चिनी भाषेत दोन उपवाक्यं जोडणारे शब्द बहुधा जोडीनं येतात. पहिल्या उपवाक्यात एक, दुसऱ्यात त्याचा जोडीदार. ‘जरी’ला स्वेइरान, तर ‘तरी’ला किंवा ‘पण’ला तानशर. ‘कारण’ला यिन्वेइ, ‘म्हणून’ला स्वोयी. ‘जर’ला रूक्वो आणि ‘तर’ला च्यौ. (उच्चार देवनागरीत अंदाजानं दिले आहेत, सूर दाखवलेले नाहीत.) यातल्या पहिल्या दोन जोड्या चिनी शिकणाऱ्याला फार लवकर भेटतात. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या रचनेत दुसऱ्या पातळीला अवघे तीनशे शब्द होते, आणि हे चारही शब्द त्यांत होते. अर्थ समजायला त्यामुळे वेळ लागत नाही. अडचण येते ती हे शब्द वाक्यात नेमके कुठे ठेवायचे याची.

इंग्रजी शाळेत ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ एकाच वाक्यात लिहिले की शिक्षक लाल रेघ मारतात. चिनी माणूस इंग्रजी बोलताना हीच चूक हमखास करतो, कारण त्याच्या भाषेत जोडी पुरी करणं हाच नियम आहे. ‘स्वेइरान वाइम्येन श्या यू, तानशर ता लाय ल’ म्हणजे ‘बाहेर जरी पाऊस पडत होता, तरी तो आला’. मराठी माणसाला यात काही वावगं वाटत नाही. आपण ‘जरी’ गाळून ‘पाऊस होता तरी आला’ म्हणतो. तसंच चिनीतही स्वेइरान गाळून नुसता तानशर ठेवला तर चालतं. उलट केलं तर मात्र वाक्य लंगडं होतं. स्वेइरान म्हटल्यावर पुढच्या उपवाक्यात तानशर किंवा त्याच अर्थाचा दुसरा एखादा शब्द यावाच लागतो, नाहीतर ऐकणारा वाट पाहत राहतो.

‘कारण–म्हणून’च्या जोडीशी मात्र मराठीचा मेळ बसत नाही. ‘कारण पाऊस होता म्हणून तो आला नाही’ असं मराठीत कोणी म्हणत नाही, आणि चिनीत तर यिन्वेइ–स्वोयी ही अगदी नेहमीची मांडणी आहे. मूळ चिनी क्रम आधी कारण आणि मग परिणाम असा आहे. ‘तो आला नाही, कारण पाऊस होता’ हा उलटा क्रम आज सर्रास ऐकू येतो, पण व्याकरणकार वांग ली यांनी 1940 च्या दशकात अशा मागाहून येणाऱ्या उपवाक्यांची गणना युरोपीय भाषांच्या प्रभावात केली होती.

आता जागेचा प्रश्न. आधी पहिला शब्द पाहू. दोन्ही उपवाक्यांचा कर्ता एकच असेल, तर कर्ता पुढे आणि स्वेइरान त्याच्या मागून: ‘ता स्वेइरान हेन मांग, तानशर लाय ल’, म्हणजे ‘तो जरी कामात होता तरी आला’. कर्ते वेगळे असतील तर स्वेइरान सगळ्यांत आधी आणि मग पहिला कर्ता. बोलण्यात हा नियम थोडा सैल पडतो, पण पाठ्यपुस्तकं तो शिकवतात याला कारण आहे. ऐकणाऱ्याला पहिल्याच दोन शब्दांत अंदाज येतो की गोष्ट एकाच माणसाची आहे की पुढे दुसरा कोणी येणार आहे.

दुसरा शब्द याहून जास्त घोटाळा करतो, कारण जोडीदार दोन जातींचे आहेत. तानशर आणि स्वोयी ही खरी उभयान्वयी अव्ययं. ती दुसऱ्या उपवाक्याच्या अगदी तोंडाशी, कर्त्याच्याही आधी बसतात. च्यौ, त्साय आणि ये (‘सुद्धा’) ही मात्र क्रियाविशेषणं आहेत. त्यांची जागा कर्त्यानंतर आणि क्रियापदाआधी. ‘तू गेलास तर मी जाईन’ यात मराठीचा ‘तर’ दोन उपवाक्यांच्या सांध्यावर, ‘मी’च्या आधी येतो. त्याच सवयीनं मराठी विद्यार्थी ‘रूक्वो नी छ्यू, च्यौ वो छ्यू’ म्हणून जातो. बरोबर वाक्य आहे ‘रूक्वो नी छ्यू, वो च्यौ छ्यू’. कर्त्याआधी आलेल्या च्यौचा अर्थ ‘फक्त’ असाही होतो, त्यामुळे चुकीच्या वाक्यात ‘फक्त मीच जाईन’ अशी छटा डोकावते. ही चूक बराच काळ लपूनही राहते. ‘वेळ मिळाला तर जाऊ’सारख्या वाक्यात चिनी माणूस कर्ताच सांगत नाही. मग च्यौ आपोआप क्रियापदाला चिकटतो आणि वाक्य बरोबर निघतं. कर्ता आला की उणीव उघडी पडते.

च्यौ आणि त्साय यांतला फरक मात्र मराठी माणसाला फुकट मिळालेला आहे. ‘चरयाओ छर याओ, च्यौ हुइ हाओ’ म्हणजे ‘औषध घेतलं की बरं वाटेल’. एवढं केलं तरी पुरे. ‘चरयोऊ छर याओ, त्साय हुइ हाओ’ म्हणजे ‘औषध घेतलं तरच बरं वाटेल’. त्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी पानभर समजावून सांगावं लागतं. आपलं काम ‘तर’ आणि ‘तरच’ यांतल्या एका ‘च’मध्ये होतं.

लांब वाक्य बांधायचं ते या जोड्या एकमेकींत बसवून. ‘काल ताप आला होता, तरी तो शाळेत गेला’ इथून सुरुवात करू: ‘ता स्वेइरान त्स्वोथ्येन फाशाओ ल, तानशर छ्यू ल श्वेश्याओ.’ आता का गेला ते सांगायचं. तानशरच्या लगेच मागे कारणाची जोडी घालायची: ‘…तानशर यिन्वेइ चिन्थ्येन योऊ खाओशर, स्वोयी छ्यू ल श्वेश्याओ’, म्हणजे ‘पण आज परीक्षा आहे म्हणून गेला’. शेवटी ‘इतकंच नाही तर’ या अर्थाची पूतान–अरछ्ये ही जोडी: ‘…स्वोयी पूतान छ्यू ल श्वेश्याओ, अरछ्ये खाओ त हेन हाओ.’ शाळेत तर गेलाच, शिवाय परीक्षाही चांगली दिली. मराठीत आपण मधलं कारण ‘परीक्षा असल्यामुळे’ असं पोटात घेतो. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही, म्हणून ते स्वतंत्र उपवाक्य म्हणून उभं राहतं आणि त्याच्याभोवती स्वल्पविराम येतात.

सबंध वाक्यात ‘ता’ एकदाच आला, कारण मध्ये दुसरा कर्ता शिरला नाही. परीक्षेऐवजी ‘आईला कामावर जायचं होतं’ असं कारण घातलं, तर स्वोयीनंतर ‘ता’ पुन्हा म्हणावा लागतो. नाहीतर शाळेत आई गेली असं वाटेल. वाक्य लांबवताना प्रत्येक नव्या स्वल्पविरामाशी ‘आता कर्ता कोण?’ हे तपासणं म्हणूनच शब्द आठवण्याइतकंच गरजेचं असतं.

एचएसकेच्या जुन्या रचनेत चौथ्या पातळीला याच गोष्टीची परीक्षा असते. विस्कटलेली तीन उपवाक्यं देऊन क्रम लावायला सांगतात. तानशर, स्वोयी किंवा अरछ्येनं सुरू होणारं उपवाक्य तिथं सहसा पहिलं नसतं. माणसाचं नाव असलेलं पुष्कळदा पहिलं असतं. जोडीतला पहिला शब्द सापडला की दुसरा शोधायचा, एवढ्यावर बरेच प्रश्न सुटतात.

गंमत अशी की रोजच्या बोलण्यात चिनी माणूस या जोड्या भराभर टाकून देतो. ‘पाऊस आला, मी जात नाही’ एवढंच म्हणतो, दोन वाक्यांतलं नातं ऐकणारा जोडून घेतो. दर वाक्यात यिन्वेइ–स्वोयी ठासून म्हणणारा विद्यार्थी व्याकरणात चुकत नाही, पण निबंध वाचून दाखवल्यासारखा वाटतो.