वर्गातली सुरक्षा परिषद

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतली वाटाघाट शाळेत घडवायची असेल, तर मार्च 2011 मधला लिबियाचा ठराव घ्यावा. गद्दाफींच्या फौजा बेनगाझीच्या दिशेने निघाल्या होत्या आणि अरब लीगने उड्डाणबंदीची मागणी केली होती. भारतही त्या वेळी परिषदेत होता.

पंधरा देशांसाठी पंधरा गट करावेत, प्रत्येक गटात दोन-तीन मुलं. गटाला एक बंद चिठ्ठी द्यावी, ती इतरांना दाखवायची नाही. तीत आपल्या सरकारच्या अपेक्षा आणि प्रत्येकीचे गुण असतील. दोन तास जोडून घ्यावेत. आधी प्रत्येक देशाचं एक मिनिटाचं भाषण, मग अर्धा तास मोकळी चर्चा. दुरुस्ती लेखीच द्यायची. शेवटी हात वर करून मतदान. ठराव मंजूर व्हायला नऊ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणाचंही विरोधी मत नको. कायम सदस्य तटस्थ राहिला तर ठराव अडत नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं.

खरी कसोटी गुणांची. ठराव मंजूर झाला की सगळ्यांना गुण दिले, तर मुलं लगेच एकमेकांचं ऐकून टाकतात. अडवण्याला गुण दिले, तर रशियाचा गट पहिल्या पाच मिनिटांत नकाराधिकार वापरून मोकळा होतो. म्हणून गुण चिठ्ठीवरूनच द्यावेत. समजा, रशियाच्या चिठ्ठीत परकी फौज जमिनीवर उतरू नये याला 5 गुण आहेत, मसुद्यात युद्धबंदीची मागणी असावी याला 4 आणि अरब देशांना दुखवू नये याला 3. ठराव पाडला तर फक्त पहिले 5 मिळतात. परकी ताबेदार फौज नको आणि ताबडतोब युद्धबंदी हवी, ही दोन्ही वाक्यं मसुद्यात घालून घेऊन तटस्थ राहिलं तर पूर्ण 12. तटस्थ राहण्यातही कमाई असते, हे मुलांना इथे आकडेमोडीतूनच उमगतं.

प्रत्यक्षात 17 मार्चला ठराव क्रमांक 1973 दहा मतांनी मंजूर झाला. रशिया, चीन, भारत, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. वर्गाचा निकाल असाच लागायला हवा, असा आग्रह नको. हा निकाल मुलांना आधी कळला, तर ती वाटाघाट सोडून इतिहासच वठवू लागतात.

एक नियम मात्र मी कधीच गाळणार नाही. नागरिकांच्या रक्षणासाठी ‘आवश्यक ते सर्व उपाय’ करण्याची मुभा ठरावात होती. या शब्दांत काय काय बसतं, ते प्रत्येक गटाने मतदानाआधी कागदावर लिहून शिक्षकांकडे द्यावं. मतदानानंतर ते कागद मोठ्याने वाचावेत. कोणी फक्त विमानं अडवण्याचं लिहिलेलं असतं, तर कोणी रणगाड्यांवर बॉम्ब टाकण्याचंही. पुढे नाटोचे हवाई हल्ले ऑक्टोबरपर्यंत चालले, आणि ठरावाचा अर्थ ताणला गेल्याची तक्रार रशिया व चीनने केली. ज्या गटाने मोकळ्या चर्चेतच या शब्दांचा खुलासा मागितला असेल, त्याला 3 गुण जादा द्यावेत.