थर्मिटच्या हिशेबात आधी काय संपते?

फेरिक ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांच्या भुकटीचे मिश्रण पेटवले, की ऑक्साइडमधला ऑक्सिजन ॲल्युमिनियम ओढून घेते आणि वितळलेले लोखंड मोकळे होते. हीच थर्मिट अभिक्रिया. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. रेल्वेचे रूळ जागेवरच जोडण्यासाठी या अभिक्रियेचा उपयोग आजही होतो. उष्णता इतकी भयंकर निघते की शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करण्याचे कारण नाही. कागदावरचा हिशेब मात्र शिकण्यासाठी उत्तम आहे. तिचे संतुलित समीकरण असे:

Fe₂O₃ + 2Al → 2Fe + Al₂O₃

समजा, ४८ ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि १३.५ ग्रॅम ॲल्युमिनियम घेतले. लोखंड किती मिळेल?

या प्रश्नाला थेट हात घालता येत नाही, कारण समीकरणातले आकडे ग्रॅमचे नाहीत. ॲल्युमिनियमच्या आधी लिहिलेला २ एवढेच सांगतो, की ऑक्साइडच्या एका एककाला ॲल्युमिनियमचे दोन अणू लागतात. तराजू मात्र वजन दाखवतो. अणू मोजायचे तर आहेत, पण हाताशी फक्त तराजू आहे. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर विकले जाणारे नट आणि बोल्ट जोड्या लावण्यासाठी घेताना हीच अडचण येते. दोन्ही एकेक किलो घेतले तर संख्या जुळत नाही. एका नटाचे आणि एका बोल्टचे वजन ठाऊक असेल तरच वजनावरून नग काढता येतात.

अणूंच्या बाबतीत नग एकेक करून सांगणे निरर्थक आहे, म्हणून त्यांचा एक ठरीव गठ्ठा मानला जातो. तो गठ्ठा म्हणजे मोल. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ × १०²³ कण असतात. या संख्येला अ‍ॅव्होगॅड्रो यांचे नाव आहे, पण ती त्यांनी मोजलेली नव्हती. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेरँ यांनी १९०९ मध्ये सुचवले. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवरून केली जाई. २० मे २०१९ पासून वर दिलेला आकडाच व्याख्या म्हणून निश्चित झाला.

हा आकडा इतका विचित्र का, याचे उत्तर त्या जुन्या व्याख्येत आहे. तो असा निवडला गेला की मूलद्रव्याचे अणुवस्तुमान ग्रॅममध्ये लिहिले की एक मोल अणूंचे वजन मिळावे. ॲल्युमिनियमचे अणुवस्तुमान २७, म्हणून त्याचा एक मोल २७ ग्रॅमचा. लोखंडाचा ५६ ग्रॅमचा. फेरिक ऑक्साइडमध्ये लोखंडाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू आहेत, म्हणून ११२ अधिक ४८, म्हणजे १६० ग्रॅम. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे याच रीतीने १०२ ग्रॅम येतात. अचूक अणुवस्तुमाने थोडी अपूर्णांकी आहेत, पण शालेय गणितात हे पूर्णांक चालतात. पुढच्या सगळ्या हिशेबात मोलचा उपयोग इतकाच: वजनावरून संख्येकडे जायचे, समीकरण संख्येत वाचायचे आणि शेवटी पुन्हा वजनाकडे यायचे.

आता हातातला माल मोलमध्ये मांडू. ४८ ला १६० ने भागले की ०.३ मोल फेरिक ऑक्साइड. १३.५ ला २७ ने भागले की ०.५ मोल ॲल्युमिनियम.

इथे घाई झाली की गणित चुकते. ०.३ हा आकडा ०.५ पेक्षा लहान, म्हणून ऑक्साइड आधी संपेल, असे वाटते. पण दोघांची गरज सारखी नाही. समीकरणाप्रमाणे ऑक्साइडच्या एका मोलला ॲल्युमिनियमचे दोन मोल लागतात. म्हणजे ०.३ मोल ऑक्साइड पूर्ण वापरायचे तर ०.६ मोल ॲल्युमिनियम हवे आणि आहे फक्त ०.५. ॲल्युमिनियम अपुरे पडते. ते संपले की अभिक्रिया थांबते, उरलेले ऑक्साइड तसेच पडून राहते. म्हणून या मिश्रणात मर्यादक अभिक्रियाकारक ॲल्युमिनियम आहे, जरी त्याचे मोल जास्त असले तरी. पडताळणीची सोपी रीत अशी, की प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने भागावेत. ऑक्साइडचे ०.३ भागिले १, म्हणजे ०.३, ॲल्युमिनियमचे ०.५ भागिले २, म्हणजे ०.२५. ज्याचा भागाकार लहान, तो मर्यादक.

यापुढे सगळे गणित ॲल्युमिनियमवरूनच करायचे. ०.५ मोल ॲल्युमिनियमपासून ०.५ मोल लोखंड, म्हणजे २८ ग्रॅम. ॲल्युमिनियम ऑक्साइड ०.२५ मोल, म्हणजे २५.५ ग्रॅम. फेरिक ऑक्साइड ०.२५ मोल खर्ची पडले, म्हणजे ४० ग्रॅम. ८ ग्रॅम उरले. बेरीज करून पाहावी: २८, २५.५ आणि ८ मिळून ६१.५ ग्रॅम. सुरुवातीला घेतलेले ४८ आणि १३.५ मिळूनही ६१.५ ग्रॅमच होतात.

ही बेरीज परीक्षेत बहुतेक विद्यार्थी करत नाहीत, आणि नेमकी तीच चूक पकडून देते. ऑक्साइडला मर्यादक धरून उत्तर काढले तर लोखंड ०.६ मोल, म्हणजे ३३.६ ग्रॅम येते आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड ३०.६ ग्रॅम. एकूण ६४.२ ग्रॅम. घातले ६१.५ आणि निघाले ६४.२, हे जास्तीचे २.७ ग्रॅम म्हणजे हातात नसलेले, पण गणितात वापरून टाकलेले ॲल्युमिनियम. ०.६ मोलचे वजन १६.२ ग्रॅम होते आणि १६.२ मधून १३.५ गेले की नेमके २.७ उरतात.

प्रत्यक्षात २८ ग्रॅम लोखंड हाती येईलच असे नाही. अभिक्रिया झाल्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइड हलके असल्याने वितळलेल्या लोखंडावर मळीसारखे तरंगते, आणि काही लोखंड त्या मळीत अडकते किंवा ठिणग्यांबरोबर उडते. ॲल्युमिनियमच्या भुकटीवर आधीच ऑक्साइडचा पातळ थर असतो, म्हणजे तराजूवर दिसणारे सगळे वजन धातूचे नसते. समजा २५.२ ग्रॅम लोखंड मिळाले, तर उत्पादन २५.२ भागिले २८, म्हणजे ९० टक्के. चुकीच्या मर्यादकावरून काढलेल्या ३३.६ ने भागले असते तर ७५ टक्के आले असते आणि प्रयोग विनाकारण वाईट ठरला असता.

मर्यादक कोण, हे पदार्थावर ठरत नाही, घेतलेल्या मापावर ठरते. याच मिश्रणात २.७ ग्रॅम ॲल्युमिनियम आणखी घातले तर दोन्ही एकदम संपतील आणि लोखंड ३३.६ ग्रॅमपर्यंत जाईल. त्यापुढे ॲल्युमिनियम कितीही वाढवले तरी लोखंड वाढणार नाही, कारण आता ऑक्साइड मर्यादक झालेले असेल. उलट उरलेले ॲल्युमिनियम वितळलेल्या लोखंडात मिसळून त्याचे गुणधर्म बदलेल. म्हणूनच रूळ जोडण्याच्या मिश्रणात दोन्ही घटकांचे प्रमाण आधीच ठरवून ठेवलेले असते.