बोगद्यातही गाणं सुरू राहावं म्हणून

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडलं की कशेडीचा बोगदा लागतो आणि पुढे कोकणभर रेंज येत-जात राहते. गाणी ऑनलाइन वाजत असतील, तर अशा पट्ट्यात ती अडखळणारच. खरा उपाय म्हणजे प्लेलिस्ट घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवणं.

स्पॉटिफायचं उदाहरण घेऊ. यात गाणी उतरवायला पैसे भरून घेतलेला प्लॅन लागतो. सेटिंगमध्ये स्ट्रीमिंगचा दर्जा वेगळा आणि डाउनलोडचा वेगळा ठरवता येतो, आणि बरेचजण इथेच चुकतात. १६० केबीपीएसला पाच मिनिटांचं गाणं साधारण ६ एमबी होतं, ३२० ला १२. म्हणजे शंभर गाण्यांना ६०० एमबी किंवा सव्वा जीबी. धावत्या गाडीत इंजिन आणि टायरच्या आवाजापुढे हा फरक क्वचितच कळतो, म्हणून मी १६० च सुचवेन. स्ट्रीमिंग मात्र ९६ वर ठेवा. कमकुवत रेंजमध्ये तेवढंच निभतं.

निघण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाका, ब्लूटूथ पुन्हा चालू करा आणि प्लेलिस्टमधलं मधलंच एखादं गाणं लावा. वाजलं नाही, तर डाउनलोड अर्धवट राहिलंय. घाटात रेंजची एकच कांडी असेल, तर ॲप नेटसाठी धडपडत बसतं. अशा वेळी त्यातला ऑफलाइन मोड आधीच चालू केलेला बरा. तीस दिवसांतून एकदा तरी ॲप ऑनलाइन आणावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी वाजेनाशी होतात.