शिफारसपत्र : विशेषणे कमी, दाखले नेमके

कात्री कुठे लावायची? प्रत्येक वाक्य दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या नावाने वाचून पाहा. ते त्यालाही तितकेच लागू पडत असेल, तर ते काढा. पद, कामाचा काळ आणि तुमचे उमेदवाराशी असलेले नाते सांगणारी ओळ मात्र ठेवा.

नमुना : गोदामपाल म्हणून काम केलेल्या माणसासाठीचे पत्र घ्या.

आधी : “ते अत्यंत प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर आणि जबाबदार होते. सोपवलेले प्रत्येक काम त्यांनी मन लावून केले. त्यांची नजर बारीक होती आणि कामात ते कधीही हयगय करत नसत.”

नंतर : “दर शनिवारी ते साठा मोजून नोंदवहीशी ताडून पाहत. वार्षिक मोजणीत ६४० वस्तूंपैकी फक्त ३ वस्तूंत फरक आला आणि त्याचे कारण त्यांनी त्याच दिवशी शोधले.”

तीन वाक्यांची दोन झाली. ‘जबाबदार’ हा शब्द गेला, पण जबाबदारी दिसू लागली. नव्या मालकाला फोनवर विचारायला नेमका प्रश्नही मिळाला.

किती दाखले? दोन पुरेत. ते नव्या कामाशी जुळणारे निवडा.

जपायचे काय? आकडा आठवणीतून लिहू नका, नोंदवहीतून घ्या. ग्राहकांची नावे आणि खरेदीचे दर पत्रात नकोत. सांघिक यश एकट्याच्या नावावर मांडू नका.

एखाद्या गुणासाठी दाखला आठवत नसेल, तर तो गुण पत्रात लिहू नका.