कपाट उघडून दाखवाल का?

नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणारी माझी मावसबहीण बारा वर्षं घरी ब्लाउज शिवते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मनात आलं की बायकांच्या घरी जाऊन माप घ्यावं, कापड आणावं आणि शिवलेला ब्लाउज घरपोच द्यावा. त्यासाठी एक गाळा पाहून ठेवला होता, अनामत साठ हजार. मोटर बसवलेलं दुसरं मशीनही घ्यायचं ठरत होतं. तिने नात्यातल्या आणि ओळखीच्या अकरा जणींना विचारलं, “अशी सेवा सुरू केली तर घ्याल का?” अकराही जणी हो म्हणाल्या. “पहिला ब्लाउज माझाच” असं तर चौघींनी सांगितलं.

या होकारांवर साठ हजार लावायचे नाहीत, एवढाच माझा आग्रह होता. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. आपल्या माणसाने उमेदीने काही सांगितलं की आपण त्याला दुखवत नाही, आणि “घ्याल का” हा प्रश्न तर अजून न आलेल्या दिवसाबद्दल असतो, त्याला हो म्हणायला काहीच खर्च होत नाही. रॉब फिट्झपॅट्रिक या उद्योजकाने यावर २०१३ साली ‘द मॉम टेस्ट’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. प्रश्न असे विचारा की सख्खी आईसुद्धा लेकराचं मन राखण्यासाठी गोड बोलू शकणार नाही, हा त्याचा गाभा. त्यासाठी आपली कल्पना सांगायचीच नाही. समोरच्या माणसाने मागे काय केलं, तेवढंच विचारायचं.

मग तिने नव्याने सुरुवात केली. नात्यातल्या बायका वगळल्या. एका मॅचिंग सेंटरच्या मालकाला विचारून दोन दुपारी ती त्याच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. अस्तर आणि फॉल घ्यायला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, “मी शिवणकाम करते. तुम्ही ब्लाउज कुठे, कसे शिवून घेता ते समजून घ्यायचंय. वीस मिनिटं घरी आले तर चालेल का? विकायला काही आणणार नाही.” सहा जणी तिथे मिळाल्या. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी पाच आणि एका भिशीतून तीन, अशा मिळून चौदा झाल्या. भिशीत मात्र तिला एक धडा मिळाला. सगळ्यांसमोर विषय काढला तेव्हा पहिली बाई जे बोलली तेच बाकीच्यांनी उचललं. पुढे त्यातल्या तिघींच्या घरी ती वेगवेगळी गेली, तेव्हा तिघींच्या हकिकती तीन निघाल्या.

प्रश्न साधे होते. शेवटचा ब्लाउज कधी शिवून घेतला? कशासाठी? कोणाकडे दिला आणि तिथेच का? कधी देतो म्हणाले, कधी दिला? किती फेऱ्या झाल्या, किती पैसे दिले? काही बिघडलं का, आणि बिघडलं तेव्हा तुम्ही काय केलंत? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तक्रार प्रत्येकाकडे असते. त्या तक्रारीपायी माणसाने पैसा, वेळ किंवा कष्ट खर्च केले असतील, तरच तिथे धंद्याला जागा आहे.

उशिराचंच उदाहरण घ्या. चौदापैकी नऊ जणींना शेवटचा ब्लाउज ठरल्या तारखेनंतर मिळाला होता. एका काकूंना तर लग्नाच्या आदल्या रात्री टेलरकडे जाऊन बसावं लागलं, आणि ते सांगताना त्या अजूनही चिडत होत्या. त्यावरून कोणालाही वाटावं की वेळेवर देणारी सेवा हातोहात खपेल. पण “मग पुढचा ब्लाउज कोणाकडे टाकलात?” असं विचारल्यावर नऊपैकी सात जणींनी त्याच टेलरचं नाव घेतलं. त्या काकू नऊ वर्षं त्याच्याकडेच जात होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, “त्याला माझा मुंढा जमतो गं.”

हे कारण शिवणकामाबाहेरच्या माणसाला सहज सुचणार नाही. रेशमी साडीला जोडून जो ब्लाउजपीस येतो तो एकच असतो. कात्री चुकली तर तसा तुकडा दुसरा मिळत नाही, आणि साडी कपाटात पडून राहते. म्हणून एकदा मुंढा आणि गळा बरोबर बसवणारा हात सापडला की बाई उशीर सोसते, फेऱ्या मारते, पण हात बदलत नाही. नव्या टेलरच्या वाट्याला आधी फक्त साधा सुती ब्लाउज येतो, तोही आला तर. घरी येऊन माप घेण्याने ही भीती जात नाही. शिवाय चौदापैकी बारा जणींचा टेलर मंडईच्या किंवा कामाच्या वाटेवरच होता. टेलरकडे जाणं ही त्यांच्यासाठी अडचण नव्हतीच. जी अडचण दूर करायला माझी बहीण निघाली होती, ती गिऱ्हाइकाच्या आयुष्यात जवळजवळ नव्हती.

खरी अडचण कळली ती तिसऱ्या घरी, अगदी योगायोगाने. बोलता बोलता तिने विचारलं, “तो ब्लाउज दाखवाल का?” त्या ताईंनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात ब्लाउजची चळत होती. “हे सगळे घट्ट झालेत. साड्या चांगल्या आहेत, पण घालता येत नाहीत.” त्यानंतर प्रत्येक घरी तिने कपाट पाहायला मागितलं. अकरा जणींनी दाखवलं. अकरा कपाटांत मिळून साठाच्या वर ब्लाउज नुसते पडून होते.

इथे “मग काय केलंत?” या प्रश्नाला भरभरून उत्तरं आली. दहा जणींनी टेलरला सैल करून मागितलं होतं. त्यांतल्या सहा जणींना “सीझन झाल्यावर आणा” असं सांगून परत पाठवलं गेलं. टेलरचंही चूक नाही. शिवण उसवायची, पुन्हा घालायची, आणि तेवढ्या वेळात नवा ब्लाउज पुढे सरकला असता. चौघींनी घरीच ब्लेडने शिवण उसवून हाताने टाके घातले होते. तिघींनी साडीवर चालून जाईल असा ताणला जाणारा तयार ब्लाउज विकत घेतला होता. गरज खरी असली की माणूस आधीच काहीतरी जुगाड करून बसलेला असतो, आणि जुगाड दिसला की मागणीचा माग लागतो.

नोंदी ठेवायची तिची रीत सांगण्यासारखी आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे घडलेली गोष्ट, म्हणजे तारीख, रक्कम, फेऱ्या. उजवीकडे बाईंचं मत: “असं असायला हवं”, “मी नक्की घेईन”. शब्द त्यांचेच, जसेच्या तसे. निर्णयाच्या वेळी तिने फक्त डावी बाजू वाचली. दर चार-पाच भेटींनंतर ती वही पुन्हा पाहायची. शेवटच्या तीन घरांत नवं काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा ती थांबली. तारीख विचारण्याचा आणखी एक फायदा झाला. भेटी श्रावणात चालू होत्या आणि गौरी-गणपतीची शिवण डोक्यावर होती, त्यामुळे सगळ्याच जणी “सतत शिवायचं असतं” म्हणत. तारखा पाहिल्या तर वर्षाला तीन-चार ब्लाउज, तेही लग्न आणि सणाला बांधलेले. पौषात आपल्याकडे काम किती उरेल, हे त्या तारखांनी सांगितलं.

या सगळ्याला खर्च किती आला? वही चाळीस रुपयांची, बस-रिक्षा तीनशे ऐंशीची. चारशे वीस रुपये आणि तीन आठवड्यांच्या दुपारी.

एवढ्यावर निर्णय घ्यायचा नसतो, कारण बोलणं ते बोलणंच. ती त्याच चौदा घरी पुन्हा गेली, या वेळी विकायला. दोन गोष्टी समोर ठेवल्या. घरी माप घेऊन नवा अस्तराचा ब्लाउज, नेहमीच्या शिलाईवर शंभर रुपये जास्त, अर्धी शिलाई आगाऊ. किंवा घट्ट झालेला ब्लाउज सैल करून आठ दिवसांत परत, नव्वद रुपये, त्यातले पन्नास आगाऊ. शिवणकामात खरा होकार ओळखायला सोपा असतो. बाई कापड देते, मापाचा ब्लाउज देते आणि पैसे देते. तिन्ही हातात आलं तर हो, नाहीतर नाही. दुरुस्तीच्या कामात कापड आणि माप वेगळं नसतं, तिथे ब्लाउज आणि पैसे पाहायचे. घरपोच नव्या ब्लाउजसाठी एकीने दिलं. सैल करण्यासाठी आठ जणींनी मिळून एकवीस ब्लाउज दिले.

त्या एकवीसांनी आणखी एक गोष्ट शिकवली, जी कोणत्याही मुलाखतीत कळली नसती. चार ब्लाउजच्या शिवणीत माया सोडलेलीच नव्हती. ते उसवून उपयोग नव्हता, आगाऊ पैशांसकट परत करावे लागले. रेशमी ब्लाउजवर जुन्या शिवणीची भोकं आणि गडद रंगाची पट्टी दिसते, हेही आधी सांगून ठेवावं लागलं. म्हणून आता ती ब्लाउज हातात घेतल्यावर आधी उलटा करून माया पाहते, मगच पैसे घेते.

उरलेल्या सतरांना प्रत्येकी चाळीस मिनिटं लागली. सुमारे साडेअकरा तासांत पंधराशे तीस रुपये, म्हणजे तासाला एकशे तीस-पस्तीस. तिच्या नव्या अस्तराच्या ब्लाउजला साडेपाचशे मिळतात, त्यातले ऐंशी अस्तर-हुकात जातात आणि तीन तास लागतात. तासाला दीडशेच्या थोडं वर. म्हणजे नुसत्या दुरुस्तीवर गाळ्याचं भाडं निघणार नव्हतं, आणि ते तिला अनामत भरायच्या आधी कळलं. चौदा भेटींनी शहरात किती मागणी आहे हे समजत नाही, शंभराऐवजी सव्वाशे दर चालेल का हेही नाही. अडचण आहे की नाही आणि माणसं तिच्यासाठी पैसे काढतात की नाही, इतकंच समजतं.

तिने गाळा घेतला नाही. घरच्याच मशीनवर दुरुस्तीचं काम सुरू केलं, कारण त्यात नव्या हाताला आजमावून पाहायला बाईंना भीती नसते. बिघडलं तरी तो ब्लाउज तसाही कपाटातच पडून होता. त्या आठ जणींपैकी तिघींनी दोन महिन्यांत नवा ब्लाउज तिच्याकडे टाकला. त्यातला एक पैठणीचा होता.

तुमच्याही दारी कधी कोणी अशी वही घेऊन आली, तर तिला “छान कल्पना आहे” म्हणून परत पाठवू नका. कपाट उघडून दाखवा. खरंच गरज असेल तर एक ब्लाउज आणि पन्नास रुपये द्या, आणि नसेल तर तसं तोंडावर सांगा.