गल्लाही जुळतो, मालही जुळतो

दुकानातली चोरी पकडण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. रात्री गल्ला मोजायचा आणि महिन्याअखेर माल मोजायचा. पैसे कमी भरले तर गल्ला सांगतो, डबा कमी भरला तर फळी सांगते. बिलातला दर बदलून पैसे काढले, तर मात्र या दोन्ही मोजण्यांत काहीच दिसत नाही. म्हणूनच बिलिंग अॅपमध्ये कॅशियरचं लॉगिन वेगळं हवं आणि त्या लॉगिनला दराला हात लावता येऊ नये.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान. तेलाचा मोठा डबा खरेदीला २,१८० रुपयांना पडला आहे आणि विक्रीचा दर २,३४० आहे. गिऱ्हाईक रोख २,३४० देतं, छापील बिल घेतं आणि जातं. काउंटरवरच्या संगणकावर मालकाचंच लॉगिन दिवसभर उघडं असतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर कॅशियर तेच बिल पुन्हा उघडतो, दर २,२४० करतो, बिल साठवतो आणि गल्ल्यातले शंभर रुपये खिशात घालतो. रात्री अॅप म्हणतं, या बिलाचे २,२४० आले पाहिजेत. गल्ल्यात तेवढेच आहेत. साठ्यातून एक डबा कमी झालेला आहे आणि फळीवरूनही एकच गेला आहे. डब्यामागचा नफा १६० वरून ६० वर आला, एवढीच खूण उरते. दिवसाला शंभर-दीडशे बिलं होणाऱ्या दुकानात ती आपोआप डोळ्यांत भरत नाही. गिऱ्हाइकाकडे जीएसटी क्रमांक असेल तर त्याच्या हिशेबात कधीतरी तफावत निघेल. घरगुती गिऱ्हाईक बिल वाटेतच टाकून देतं.

त्याच कॅशियरने दराऐवजी नग कमी केला असता, किंवा बिलच काढून टाकलं असतं, तर माल मोजताना अॅपमधला साठा आणि फळी यांत फरक पडला असता. दरबदलाला अशी साक्ष नसते. त्यामुळे तो नंतर शोधण्यापेक्षा आधी अडवावा लागतो.

अडवायचं म्हणजे दार एकच नाही, हे अनेक दुकानदारांच्या लक्षात येत नाही. पहिलं दार आयटम मास्टरचं, म्हणजे जिथे वस्तूचा कायमचा दर लिहिलेला असतो. बहुतेक जण एवढंच बंद करतात आणि निर्धास्त होतात. पण बिल करताना त्या ओळीतला दर खोडून नवा टाकता येतो, ते दुसरं दार. बिलावर सूट देता येते, ते तिसरं. दर गोठवला आणि सूट मोकळी ठेवली तर शंभर रुपये तिथून जातात. चौथं दार साठवलेलं बिल पुन्हा उघडण्याचं, आणि वरच्या उदाहरणातली सगळी गोष्ट याच दाराने घडली. सुट्या किंवा नोंद नसलेल्या मालासाठी ‘इतर’ नावाची एक वस्तू ठेवलेली असते आणि तिचा दर हाताने टाकायचा असतो. तेही एक दारच आहे.

चांगल्या अॅपमध्ये ही दारं वेगवेगळी लावता येतात. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टचं उदाहरण घ्या. त्यात काउंटरच्या `POS Profile` मध्ये `Allow User to Edit Rate` आणि `Allow User to Edit Discount` अशा दोन स्वतंत्र खुणा असतात. ओडूमध्ये `Price Control` चालू केलं की विक्री करताना दर बदलण्याचा अधिकार फक्त मॅनेजरकडे राहतो. आपल्याकडच्या छोट्या अॅपमध्येही बिल करणारा, साठा सांभाळणारा, हिशेबनीस अशा तयार भूमिका दिलेल्या असतात. मात्र भूमिकेच्या नावावर जाऊ नये. ‘बिल करणारा’ या भूमिकेला एका अॅपमध्ये जुनं बिल बदलता येतं, दुसऱ्यात येत नाही. खरी परीक्षा एकच: कॅशियरच्या लॉगिनने स्वतः आत जा आणि दर बदलून पाहा, सूट देऊन पाहा, कालचं बिल उघडून साठवून पाहा. अॅपने अडवलं तरच ते दार बंद आहे असं समजा.

आता अडचणीची बाजू. दुकानात दर बदलण्याची रास्त कारणंही रोज येतात. साबणाचा नवा माल येतो, त्यावर नवी एमआरपी असते, जुन्या एमआरपीचा माल अजून फळीवर असतो. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे आणि त्याची झळ दुकानदाराला बसते. अशा वेळी कॅशियरला दर बदलू द्यायचा नाही, तर प्रत्येक एमआरपीची वेगळी बॅच मालकाने आधीच नोंदवून ठेवायची. कॅशियर पाकिटावरची किंमत पाहून फक्त बॅच निवडतो. जुन्या गिऱ्हाइकाला दोन-पाच रुपये सोडायचे असतील, तर अॅपमध्ये सोय असल्यास सुटीला छोटी मर्यादा घालून द्यावी. त्यापुढची सूट मालकाच्या पिननेच.

व्यवस्था मोडते ती या पिनपाशीच. मालक लग्नाला गेलेला असतो, काउंटरवर रांग लागते, फोन येतो आणि मालक पिन सांगून टाकतो. त्या क्षणापासून दुकानात पुन्हा एकच लॉगिन उरतं. पिन सांगावाच लागला तर त्याच रात्री बदला. त्याहून बरं म्हणजे दुकानातल्या एका जबाबदार माणसाला मॅनेजरचं वेगळं लॉगिन द्या. मग दर कोणी बदलला हे त्याच्या नावाने नोंदलं जाईल. ‘काउंटर १’ नावाचं सामाईक लॉगिन काही कामाचं नाही, कारण दोन पाळ्यांतल्या दोघांपैकी बिल कोणी बदललं हे त्यातून कळत नाही. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा, पण नोंदीतून पुसू नका. जुन्या बिलांवरचं त्याचं नाव राहू द्या.

झालेल्या फेरफारांची नोंद अॅपमध्ये राहते का, हेही विकत घेण्यापूर्वी विचारा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना अशी नोंद ठेवणारं आणि ती बंद करता न येणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. एकट्या मालकीच्या किंवा भागीदारीतल्या दुकानाला हा नियम लागू नाही, पण सोय मिळत असेल तर ती चालू ठेवावी. फेरफारांची ती नोंद आणि बिलनिहाय नफ्याचा अहवाल आठवड्यातून एकदा शेजारी ठेवून वाचला, तर १६० च्या जागी ६० असलेली ओळ सापडते.

या सगळ्याला मर्यादा आहेत. महागड्या डब्याऐवजी स्वस्त डब्याचा बारकोड मारला, तर भूमिका ते अडवत नाहीत. बिलच केलं नाही तरीही नाहीत. पण या दोन्ही गोष्टी माल मोजताना उघड्या पडतात.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते कॅशियरच्या बाजूचं. एकच लॉगिन असलेल्या दुकानात नफा घटला की संशय काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकावर जातो आणि प्रामाणिक मुलीकडे तो खोडून काढायला काहीच पुरावा नसतो. स्वतःच्या नावाचं, दर बदलू न शकणारं लॉगिन हाच तिचा पुरावा. तेव्हा उद्या दुकान उघडल्यावर काउंटरवरचं आपलं लॉगिन बंद करा, तिच्या नावाचं नवं उघडा आणि तिच्यासमोरच तेलाच्या डब्याचा दर बदलून पाहा.